शौचाच्या वेळी दिसणारे लाल रक्त : आमाशयाचे की गुदाचे?

पेण व रोहे या दोन्ही ठिकाणच्या आमच्या बाह्यरुग्ण विभागात "पोटात अल्सर फुटला असावा" अशी धास्ती घेऊन येणारे रुग्ण नित्य भेटतात. त्यांनी पाहिलेले असते ते शौचाच्या भांड्यात पडलेले लाल थेंब, किंवा कागदाने पुसल्यावर त्यावर उमटलेला लालभडक डाग. असे रक्त आमाशयातून फार क्वचितच आलेले असते, आणि त्याचे कारण त्याच्या रंगातच आहे.

आमाशयात रक्त झिरपले की तेथील आम्लामुळे त्यातील रंजक द्रव्याचे रूपांतर काळपट द्रव्यात होते. पुढे आतड्याच्या दीर्घ मार्गात जंतूंची क्रियाही त्यावर घडते. परिणामी गुदद्वारी येईपर्यंत ते डांबरासारखे काळे, चिकट व उग्र दुर्गंधीचे होते. सुमारे ५० ते १०० मिलि रक्तस्रावही मल असा काळा करावयास पुरेसा असतो. आमाशयातील रक्त लालच बाहेर पडावयाचे तर ते फार मोठ्या प्रमाणात व वेगाने वाहावे लागते. तेव्हा नाडी जलद होते, घाम फुटतो, उभे राहताच भोवळ येते. असा रुग्ण कागदावरचा डाग दाखवावयास चालत येत नाही, त्यास तातडीने रुग्णालयात हलवावे लागते.

अर्शातील रक्त मात्र द्वारापासून अवघ्या काही अंगुळांवर सुटते. तेथील सिरांच्या गाठींत सूक्ष्म रोहिणी थेट सिरांना मिळालेल्या असतात, म्हणून ते काळसर न दिसता उजळ लाल दिसते. त्यास बदलावयास वेळही मिळत नाही. ते मलाच्या शेवटी थेंबथेंब, कधी पिचकारीप्रमाणे पडते आणि बहुधा वेदना नसते. परिकर्तिकेत उलट असते. रक्त थोडे, मलावर एक रेघ किंवा कागदावर ठिपका, परंतु कापल्यासारखी वेदना, जी शौचानंतरही तास-दोन तास टिकते.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात काम करणाऱ्या अडतीस वर्षांच्या एका कारागिराचे उदाहरण देतो. आषाढात कामाचा रेटा असतो, दिवसभर बसून रंगकाम, पाणी कमी, जेवण अवेळी. दुकानातून अम्लपित्ताच्या गोळ्या आणून त्यांनी दहा दिवस घेतल्या होत्या. आम्ही प्रथम मलाचा रंग विचारला. तो पिवळट तपकिरी होता, रक्त बाहेरून लागलेले, आत मिसळलेले नव्हते. भोवळ नव्हती, नाडी स्वस्थ होती. डाव्या कुशीवर झोपवून नितंब हलकेच विलग करताच मागील मध्यरेषेवर, म्हणजे घड्याळाच्या सहाच्या जागी, ताजा चिरा दिसला. वेदना तीव्र असल्याने बोट वा यंत्र आत घालण्याचा आग्रह धरला नाही. ती तपासणी वेदना शमल्यावर करावयाचे ठरविले. ईसबगोल भरपूर पाण्याबरोबर, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे व जात्यादि तैल एवढ्यावर पाच-सहा आठवड्यांत चिरा भरला. नंतरच्या तपासणीत आत काही आढळले नाही.

येथे औषधविक्रेत्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. मंडूर, लोहभस्म वा लोहाच्या गोळ्या घेणाऱ्याचा मल काळा होतो. तो रक्तामुळे काळा नसतो, चिकट व तसा दुर्गंधीयुक्तही नसतो. उलट लाल माठ किंवा बीट खाल्ल्याने मल लालसर दिसतो. म्हणून रुग्णाने रंग सांगितला की आदल्या दिवशीचे जेवण व चालू औषधे विचारावीत. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या नित्य घेणाऱ्याचा मल डांबरासारखा काळा झाल्यास मात्र आमाशयातील व्रणाचीच शंका घ्यावी व त्यास लगेच रुग्णालयात धाडावे.

रंगावरून जागा कळते, कारण कळत नाही. ही मर्यादा रोहे येथील दुसऱ्या रुग्णाने ठळक केली. छप्पन्न वर्षांचे हे गृहस्थ मूळव्याधीचे औषध चार महिने दुकानातूनच घेत होते. रक्त लालच होते, परंतु मलात मिसळलेले, सोबत आव, आणि शौचास जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना. वजन घटले होते, हिमोग्लोबिन ८ होते. त्यांना अर्शाचे अंकुरही होते, आणि केवळ तेच पाहून थांबणे सोपे होते. बोट आत घालताच भित्तीवर कठीण, खडबडीत गाठ लागली. मुंबईस पाठविल्यावर दुर्बिणीने तपासणी व तुकडा-परीक्षा झाली, निदान मलाशयाच्या कर्करोगाचे झाले. 'अधोग रक्तपित्त' वा 'रक्तार्श' अशी नोंद करून शमन चिकित्सा चालू ठेवली असती तर आणखी काही महिने गेले असते.

म्हणून आम्ही आता चाळिशीपुढील रुग्णात, तसेच मलात मिसळलेले रक्त, पांडुत्व, वजन घटणे, मलप्रवृत्तीतील नवा बदल किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास कोणत्याही वयात, अर्श डोळ्यांस दिसत असले तरी गुदपरीक्षा करतो आणि मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीस पाठवितो. तरुणात दृश्य चिरा असल्यास उपचार देऊन सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावतो, आणि तोवर रक्त थांबले नसेल तर त्यासही पाठवितो.