प्रश्नात गाठी किती, तेवढे पत्ते

टॅरोच्या जोडात ७८ पत्ते असतात. त्यांतला एकच काढायचा, तीन काढायचे की दहा, हे बहुतेक लोक चिंता किती मोठी आहे त्यावर ठरवतात. काळजी मोठी म्हणून मांडणीही मोठी. पण मोजायला हवे ते काळजीचे वजन नव्हे. एका प्रश्नाच्या पोटात किती वेगवेगळे प्रश्न दडले आहेत, ते मोजायला हवे. कारण मांडणीतली प्रत्येक जागा एक स्वतंत्र प्रश्न विचारते आणि तिथे पडलेला पत्ता तेवढ्याच प्रश्नाला उत्तर देतो.

'आजच्या मुलाखतीत मी कशाचे भान ठेवू?' हा प्रश्न एकेरी आहे, त्याला एक पत्ता पुरतो. आता दुसरा प्रसंग घ्या. समजा, नाशिकच्या एका तरुणीला बढती मिळते आहे, पण बंगळुरूला जावे लागणार आहे आणि घरी आई एकटी आहे. 'जाऊ का?' असे विचारून ती एक पत्ता काढते. येतो टू ऑफ स्वोर्ड्स. डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री दोन तलवारी छातीशी फुलीसारख्या धरून बसली आहे. तू द्विधेत आहेस, एवढेच पत्ता सांगतो आणि ते तर तिला आधीच माहीत असते. मग 'नीट कळले नाही' म्हणून ती आणखी एक पत्ता काढते, मग आणखी एक, मनासारखा येईपर्यंत. असा मोह झाला की समजावे, प्रश्नाला ही मांडणी अपुरी पडली. असे जादा पत्ते काढण्यापेक्षा सगळे पत्ते पुन्हा पिसावेत आणि मांडणीच बदलावी.

तीन पत्ते म्हटले की अनेकांना भूत, वर्तमान, भविष्य हीच मांडणी आठवते. या तरुणीच्या ती कामाची नाही, कारण तिच्यापुढे दोन वाटा आहेत. तिने जागांची नावे पत्ते उचलण्याआधीच ठरवावीत: राहिले तर काय, गेले तर काय, आणि निर्णय अडला आहे तो कशावर. समजा, पहिल्या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स येतो. त्यातला माणूस नाणे छातीशी घट्ट धरून बसला आहे, दोन नाणी पायांखाली दाबली आहेत. म्हणजे राहण्यात सुरक्षितता आहे, पण हात-पाय अडकलेले. दुसऱ्या जागी एट ऑफ वाँड्स: आकाशातून वेगाने निघालेल्या आठ काठ्या. जाण्यात गती आहे. तिसऱ्या जागी सिक्स ऑफ कप्स: जुन्या घराचे अंगण, मुलगा मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो आहे. नोकरीच्या प्रश्नाआड घराची ओढ आहे, हे इथे समोर येते. एवढ्यावर आईशी मोकळे बोलणे सुचले, तर मांडणी तिथेच थांबवावी.

मात्र भावाचे मत, आईची तब्येत आणि स्वतःची भीती असे सगळे एकमेकांत गुंतलेले असेल, तर दहा पत्त्यांचा सेल्टिक क्रॉस उपयोगी पडतो. पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रे काढलेला, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला टॅरोचा जोड आज सर्वाधिक परिचित आहे. त्याचे जनक आर्थर एडवर्ड वेट यांनी आपल्या पुस्तकात ही मांडणी दिली आणि ती जगभर रुळली. तिच्यात आताची स्थिती, आड येणारी गोष्ट, मागे पडलेले, पुढे येणारे अशा जागा असतात. या प्रसंगात आठवी आणि नववी जागा सर्वांत मोलाची. आठवी भोवतालच्या माणसांची, नववी आशा आणि भीतीची. घरात खरोखर काय चालले आहे आणि मी कशाला घाबरते आहे, या दोन गोष्टी तीन पत्त्यांत एकाच जागी कोंबल्या जातात. इथे त्या वेगळ्या होतात.

मोठ्या मांडणीत धोकाही आहे. दहा चित्रांतून हवी ती गोष्ट जुळवता येते. नको असलेल्या पत्त्यावरून नजर सहज निसटते आणि शेवटच्या पत्त्यालाच निकाल मानले जाते. यावर तपासणी सोपी आहे. प्रत्येक जागेचा अर्थ पत्ता उलटण्याआधी एका वाक्यात सांगून पाहावा. दोन जागांचे वाक्य सारखेच होत असेल, तर त्यांतली एक गाळावी.

पत्ते भविष्य सांगतात याला वैज्ञानिक पुरावा नाही. आजाराचा किंवा कोर्टकचेरीचा निर्णय त्यांवर सोपवू नये. आपल्याच मनातला गुंता सुटा करून पाहण्यासाठी मात्र ते कामी येतात, आणि म्हणूनच पत्त्यांची संख्या महत्त्वाची. पत्ते पिसण्याआधी प्रश्न कागदावर लिहा, त्यात किती प्रश्न आहेत ते मोजा आणि तेवढेच पत्ते मांडा.