ओल धरणाऱ्या पुडीचं वजन

टायट्रेशनसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता ठरवायची असते, तेव्हा निर्जल सोडियम कार्बोनेट तोलून घेतात. ही पूड २७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून कोरडी केलेली असते, आणि हवेत उघडी राहिली की पुन्हा ओल धरू लागते. पावसाळ्यात कोकणातल्या प्रयोगशाळेत ती कागदावर पसरून तोलायला गेलात, तर तराजूवरचा शेवटचा आकडा वर सरकत राहतो. मग त्यातला नेमका कोणता आकडा वहीत लिहायचा?

म्हणून अशी पूड थेट तोलत नाहीत. ती झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत भरून डेसिकेटरमध्ये पूर्ण गार होऊ देतात. बाटली कोमट असली तरी तिच्याभोवतीची हवा वर जाते आणि वजन कमी दिसतं. मग चिमट्याने धरून बाटली तोलायची: १४.८३६२ ग्रॅम. झाकण काढून थोडी पूड फ्लास्कमध्ये टाकायची, काठावर चिकटलेले कण हलक्या टिचकीने बाटलीतच परत पाडायचे, लगेच झाकण लावायचं आणि पुन्हा तोलायचं: १४.६२४७. फ्लास्कमध्ये ०.२११५ ग्रॅम पूड गेली. तिथे ती कितीही ओल प्यायली तरी बिघडत नाही, कारण हिशोब आधीच झालेला आहे. बाटलीचं स्वतःचं वजन आणि तराजूचा शून्य किंचित हललेला असला तर तो फरक, दोन्ही वजाबाकीत निघून जातात. मात्र दोन तोलण्यांच्या मधे शून्य सरकला, तर ती चूक तशीच राहते.

हवेच्या उत्प्लावनाचंही तसंच. बाटलीवरचा हवेचा धक्का दोन्ही वेळा सारखाच असतो, पण पुडीवरचा धक्का वजाबाकीने जात नाही. एक मिलिलिटर हवेचं वजन सुमारे १.२ मिलिग्रॅम. आपल्या पुडीचा घनफळ जेमतेम ०.०८ मिलिलिटर, त्यामुळे तराजू बसवताना वापरलेल्या पोलादी वजनांशी तुलना करता चूक ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेवटच्या आकड्याच्याही आत. पाणी तोलताना मात्र हे सोडून चालत नाही: १० मिलिलिटरच्या पिपेटची तपासणी करताना तब्बल १०.५ मिलिग्रॅम कमी भरतात.

स्थिर विद्युतभार याहून फसवा. कोरड्या हिवाळ्यात बाटली कापडाने पुसली किंवा प्लास्टिकची बोट वापरली की आकडा एका दिशेने न सरकता इकडेतिकडे भटकतो, आणि तीच वस्तू उचलून पुन्हा ठेवली की वेगळं वजन दाखवते. ओल धरली असेल, तर वजन सतत वाढत राहतं. कोमट बाटलीचंही वाढतं, पण गार झाली की थांबतं. विद्युतभारावर आयनायझर किंवा धातूचं भांडं हा उपाय. वजाबाकी इथे कामाची नाही, कारण पूड ओतताना होणाऱ्या घर्षणानेच भार बदलतो.

कॉस्टिक सोड्यापुढे मात्र ही पद्धतही अपुरी पडते. तो पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही शोषतो, आणि बाटलीत भरण्याआधीच त्यात दोन्ही शिरलेले असतात. म्हणून तो ढोबळ तोलून द्रावण करतात, आणि त्याची तीव्रता नंतर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या ओल न धरणाऱ्या पदार्थाशी ठरवतात.