फायनल बिल हातात आल्यावर आधी नग मोजा

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेली असते. दाखल होण्यापूर्वी काउंटरवरून एक पानी अंदाजपत्रक मिळते: दोन दिवस, दोन खाटांची खोली, एकूण ९०,००० रुपये. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फायनल बिल येते १,३१,४०० रुपयांचे. हे आकडे नमुन्याचे आहेत. पण बिलाची ही चढण ज्यांच्या घरात कोणी दाखल झाले आहे त्यांना ओळखीची वाटेल. अशा वेळी नातेवाईक एकूण रकमेवर वाद घालतात, ‘एवढे कसे झाले?’ असे विचारतात आणि काउंटरवरचा माणूस अंदाजपत्रकाच्या तळाची ‘प्रत्यक्ष बिल बदलू शकते’ ही ओळ दाखवतो. बोलणे तिथेच संपते.

म्हणून पहिले काम म्हणजे वाढलेले ४१,४०० रुपये सुटे करणे. अंदाजपत्रक आणि बिल शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली की आपल्या नमुन्यात चित्र असे दिसते. शल्यचिकित्सक, भूल आणि ऑपरेशन थिएटर यांचे ६२,००० जसेच्या तसे आहेत. खोलीचा एक दिवस वाढला, त्याचे ५,०००. साहाय्यक सर्जनचे ९,३००, हार्मोनिक स्काल्पेलचे ८,०००, मॉनिटर आणि पल्स ऑक्सिमीटरचे २,४००, फाइल, नोंदणी वगैरेचे २,१००. ही चारही नावे अंदाजपत्रकात नव्हती. आणि औषधे व कन्झ्युमेबल्स, ज्यांचा अंदाज १८,००० होता, ते झाले ३२,६००. आता प्रश्न सहा झाले आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर मागता येते.

यातली काही वाढ खरी असू शकते. पित्ताशय आजूबाजूला चिकटलेले निघाले, रक्तस्राव झाला, दुर्बीण सोडून पोट उघडावे लागले, तर वेळ, सामान आणि मनुष्यबळ वाढणारच. ते ऑपरेशन नोट्समध्ये लिहिलेले असते. पण साहाय्यक सर्जन लागणार हे आधीच माहीत असते. ती रक्कम अंदाजपत्रकात का नव्हती, हा रास्त प्रश्न आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयाने खाटेचे भाडे, डॉक्टरांची व साहाय्यक डॉक्टरांची फी, भूल, थिएटर, नर्सिंग, मॉनिटर, ऑक्सिजन अशा ठरावीक बाबींचे दर दिसतील असे लावायचे आहेत. तो फलक शोधा, त्याचा फोटो काढा आणि बिलातला दर त्याच्याशी जुळवा.

आता औषधे आणि कन्झ्युमेबल्स. बिलातला सगळ्यात दाट भाग हाच, आणि बहुतेक जण तो वाचतही नाहीत. बिलाच्या पहिल्या पानावर त्याची एकच ओळ असते, ‘फार्मसी’. तपशिलाची पाने मागावी लागतात. ती मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. त्यात तारीख, वेळ, वस्तू, बॅच क्रमांक, नग आणि किंमत असते. इथे बहुतेक जण किमतीवर अडतात, बाहेर वीस रुपयांना मिळणारी वस्तू इथे साठ रुपयांना का म्हणून. राग समजण्यासारखा आहे, पण मुद्दा टिकत नाही. बहुतांश कन्झ्युमेबल्सना सरकारने कमाल किंमत ठरवलेली नाही. छापील एमआरपीच्या आत विकणे कायद्यात बसते. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या काही रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला होता. तरीही एमआरपीची पद्धत तशीच राहिली. स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींना २०१७ पासून मर्यादा आहे. स्टेंटचे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे लिहावा लागतो. पण हातमोज्यांना, ड्रेपला, ट्यूबला तसे संरक्षण नाही.

म्हणून दरापेक्षा नगांवर बोट ठेवा. दराबद्दल मते असतात, नगांची नोंद असते. प्रत्येक वस्तू वॉर्ड किंवा थिएटरने इंडेंट भरून फार्मसीतून मागवलेली असते. ती वापरली गेली तर नर्सच्या नोंदीत, भुलेच्या तक्त्यात किंवा ऑपरेशन नोट्समध्ये तिचा माग असायला हवा. वापरली गेली नसेल तर ती परत जायला हवी आणि बिलात ‘रिटर्न’ म्हणून वजा दिसायला हवी. मागवलेले, वापरलेले आणि परत केलेले, हे तीन आकडे जिथे जुळत नाहीत तिथे चूक सापडते. बहुतेक वेळा ती घाईतली असते: थिएटरने जास्तीचे सामान मागवले, शस्त्रक्रिया झाली, उरलेले कपाटात राहिले, रिटर्नची चिठ्ठी कोणी भरली नाही.

आपल्या बिलात शिरा आवळायच्या क्लिपची तीन कार्ट्रिज लावली आहेत. ऑपरेशन नोट्समध्ये दोन वापरल्याचे लिहिले आहे, रिटर्न शून्य. म्हणजे एका कार्ट्रिजचे २,६०० रुपये परत मागायचे. पुढे ‘ओटी किट’ ६,५०० रुपये, तपशील काहीच नाही. तपशील मागितला तर कळते की त्यात ड्रेप, गाऊन, टोप्या, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे आहेत. मग खाली सुट्या हातमोज्यांच्या ३० जोड्या का? या शस्त्रक्रियेत टेबलाशी निर्जंतुक मोजे घालणारे तीन-चार जण असतात. मधे मोजे बदलले तरी इतके होत नाहीत. किटमधले पुन्हा सुटे लावले गेले, हे इथे दिसते. अशा २० जोड्या वगळल्या, साठ रुपयांप्रमाणे १,२००.

बिलिंग काउंटरवर बोलणे असे असावे: “मॅडम, एकूण रकमेबद्दल माझा वाद नाही. ही तिसरी कार्ट्रिज कोणत्या इंडेंटवर आली आणि वापरल्याची नोंद कुठे आहे, तेवढे दाखवा.” याला ‘असेच लागते’ असे उत्तर देता येत नाही. त्यांना थिएटरला फोन करावा लागतो. नोंद दाखवायला टाळाटाळ झाली तर वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज द्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात.

कॅशलेस रुग्णासाठी अजून एक दुवा आहे. विमा नियामक आयआरडीएआयने काही बाबींच्या याद्या केल्या आहेत, ज्या खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या खर्चात किंवा उपचाराच्या खर्चात धरलेल्या मानायच्या आणि वेगळ्या लावायच्या नाहीत. पल्स ऑक्सिमीटर, फाइल उघडण्याचे शुल्क, डिस्चार्ज प्रक्रियेचे शुल्क ही खोलीभाड्यात, तर हार्मोनिक स्काल्पेल, कापूस, सर्जिकल ब्लेड ही शस्त्रक्रियेच्या खर्चात. विमा कंपनी हे पैसे कापते आणि रुग्णालय ते ‘नॉन-पेएबल’ म्हणून रुग्णाकडून घेते. तिथे विचारा, ‘हे खोलीभाड्यातच धरलेले आहे, मग माझ्याकडून वेगळे का?’ ही यादी मुळात विमा कंपन्यांसाठी आहे, रोख भरणाऱ्याला ती कायदा म्हणून पुढे करता येत नाही. तरीही बोलणीत तिचे वजन असते. आपल्या नमुन्यात रुग्णालय मॉनिटरचे २,४०० सोडते, हार्मोनिकचे ८,००० सोडत नाही. असा अर्धा निकाल पुष्कळदा लागतो.

वाढलेला तिसरा दिवस का लागला तेही पाहा. डॉक्टरांनी सकाळी घरी जायला सांगितले आणि विम्याची मंजुरी संध्याकाळी आली, असे होते. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे. तिच्या विलंबाने रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती रक्कम विमा कंपनीने सोसायची आहे. विनंती किती वाजता गेली, ती वेळ टीपीए डेस्ककडून लिहून घ्या.

राहिले डिपॉझिट. इथे कोणाचे मत लागत नाही, नुसती बेरीज-वजाबाकी असते, आणि तरी चूक इथेच मोठी निघते. आपल्या रुग्णाच्या घरच्यांनी रात्री कॅज्युअल्टीत १५,००० भरले आणि सकाळी दाखल करताना २५,०००. कॅज्युअल्टीची पावती बाह्यरुग्ण क्रमांकावर फाटली, दुसरी आयपीडी क्रमांकावर. फायनल बिल आयपीडी क्रमांकाचे, म्हणून त्यात डिपॉझिट दिसते फक्त २५,०००. विमा कंपनीने १,०८,००० मंजूर केले, रुग्णाचा वाटा २३,४००, परतावा १,६००. घरचे ‘चला, काही भरावे तर लागले नाही’ म्हणून सही करतात.

मूळ पावत्या समोर ठेवल्या तर १५,००० लगेच सापडतात. वर ३,२०० रुपयांची औषधे मुलाने रात्री फार्मसीच्या खिडकीवर रोख आणली होती, तीच बॅच क्रमांकासह फायनल बिलातही आहेत. रोख पावती दाखवून ते ३,२०० परत मिळतात. क्लिपचे २,६०० विमा कंपनीच्या वाट्यातून कमी होतात, हातमोजे आणि मॉनिटरचे ३,६०० रुग्णाच्या वाट्यातून. दुरुस्त बिल १,२५,२००. त्यात विम्याचे १,०५,४०० आणि रुग्णाचे १९,८००. डिपॉझिट ४०,०००, म्हणजे परतावा २०,२००, शिवाय औषधांचे रोख ३,२००. विमा कंपनीच्या वाट्यातले २,६०० आपले नाहीत असे समजून सोडू नयेत. वर्षाची विमा रक्कम त्यातूनच खर्ची पडते आणि त्याच वर्षी पुन्हा दाखल व्हावे लागले तर ती कमी पडते.

हे सगळे डिस्चार्जच्या दिवशी एका तासात होत नाही. म्हणून दाखल झाल्यापासून रोज संध्याकाळी अंतरिम बिल मागा, रोख पावत्या एका पाकिटात ठेवा आणि खोलीवर आलेल्या सामानाची वहीत नोंद करा. वाद मिटला नाही तरी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. बिलासाठी रुग्णाला डांबणे बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे. पैसे भरायचेच असतील तर बिलाच्या प्रतीवर ‘पुढील बाबींबद्दल आक्षेप राखून भरणा’ असे लिहून त्या बाबी नोंदवा, पोच घ्या आणि रुग्णाला घरी न्या. त्यानंतर तक्रार महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायला दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.