ट्रेंटच्या काठावर बगदादची चांदी

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात ट्रेंट नदीकाठी टॉर्कसी नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या शेतांमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना गेल्या काही दशकांत अरबी अक्षरांच्या चांदीच्या नाण्यांचे शंभराहून अधिक तुकडे सापडले. नाणी बगदादच्या खलिफांच्या राज्यातली, आणि बहुतेक मुद्दाम कापलेली!

ती आणली व्हायकिंगांनी. इ. स. 872च्या हिवाळ्यात त्यांच्या सैन्यानं टॉर्कसीला तळ टाकला, एवढीच त्रोटक नोंद अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात आहे. आधीच्या पिढीतले व्हायकिंग उन्हाळ्यात येत, किनाऱ्यावरचा मठ लुटत आणि थंडी पडायच्या आत घरी परतत. हे सैन्य 865 साली आलं आणि परत गेलंच नाही. दर हिवाळ्याला नवा मुक्काम, आणि तोही जमेल तिथे नदीकाठी.

याचं कारण त्यांच्या बोटी. नॉर्वेत सापडलेली गोक्स्ताद बोट जवळपास 23 मीटर लांब आहे, तरी तिला जेमतेम मीटरभर पाणी पुरे. शीड उभारून समुद्र ओलांडायचा आणि वल्ही मारत थेट नदीत शिरायचं. उत्तर समुद्रातून हंबरच्या मुखात आणि तिथून ट्रेंटमध्ये वर येता येई. टॉर्कसीची जागाही त्यांनी चोखंदळपणे निवडलेली: एका बाजूला नदी, बाकी बाजूंना दलदल, मध्ये उंचवटा. पावसाळी दिवसांत ते बेटच होई. त्या बेटावर सुमारे 55 हेक्टरांत हा तळ पसरला होता. म्हणजे मूठभर दरोडेखोरांची ही टोळी नव्हती, हजारोंचं फिरतं गावच म्हणायचं.

या गावात लोक काय करत? शिशाच्या सोंगट्या शेकड्यांनी सापडल्या आहेत, म्हणजे लांब रात्री पटावर जात असणार. चात्या आणि सुया आहेत, म्हणजे कोणी सूत कातत होतं, शिडं आणि कपडे सांधत होतं. पण मला सर्वांत बोलकी वाटतात ती छोटी वजनं. तीही शेकड्यांनी मिळाली. या लोकांना नाण्यावरच्या राजाच्या नावाशी कर्तव्य नव्हतं. सराफ मोडीचे दागिने तोलून घेतो तसा त्यांचा व्यवहार. लहानशा तराजूत चांदी टाकायची, भरली नाही तर आणखी एक तुकडा छिन्नीनं कापायचा. चांदी खरी की आत तांबं, हे पाहायला सुरीच्या टोकानं बारीक खाच पाडायची. मठातून ओरबाडलेला दागिना आणि बगदादचा दिरहम एकाच पारड्यात पडत. लूट आणि व्यापार यांत आपण जी रेघ ओढतो, ती त्या पारड्यात पुसली जाई.

दिरहम इथवर आला कसा, याचा थोडा पत्ता तो स्वतःच देतो. त्यावर टांकसाळीचं नाव आणि हिजरी साल कोरलेलं असे. टॉर्कसीच्या तुकड्यांतले सर्वांत अलीकडचे 860च्या दशकातले आहेत. पूर्व युरोपातल्या नद्यांवरून, बाल्टिक ओलांडून, हातोहाती ही चांदी काही वर्षांतच ट्रेंटपर्यंत पोचली होती! तिच्या बदल्यात पूर्वेकडे जात ती उंची कातडी, आणि माणसं. हे विसरून व्हायकिंगांच्या धाडसाचं कौतुक करू नये. छाप्यात पकडलेली बाई किंवा पोर हा त्यांच्या लेखी विक्रीचा माल होता.

पुढच्या हिवाळ्यात सैन्य ट्रेंटच्याच वरच्या अंगाला रेप्टनला गेलं, मर्सियाचा राजा बर्ग्रेड याला हुसकावलं आणि आपल्या मर्जीतला माणूस गादीवर बसवला. रेप्टनच्या दफनाच्या जागी उत्खननात एक केशरी-लाल अकीकाचा मणी मिळाला. तो दगड बहुधा गुजरातचा असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे त्या जलमार्गांचं एक टोक आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतं.

874मध्ये सैन्य फुटलं. एक गट गुथ्रम या म्होरक्याबरोबर दक्षिणेला गेला, दुसरा हाफ्दान या म्होरक्याबरोबर उत्तरेला. 876 साली हाफ्दाननं नॉर्थंब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ते नांगरून पोट भरू लागले, असं इतिवृत्त सांगतं. अकरा वर्षं लुटीवर जगलेल्यांनी नांगर धरला. टॉर्कसीही ओस पडलं नाही. तिथे कुंभारांच्या भट्ट्या लागल्या आणि वेगानं फिरणाऱ्या चाकावरची भांडी बनू लागली. ती कला समुद्रापलीकडून आलेल्या कुंभारांनी आणली असावी. टॉर्कसीची ही भांडी पुढे यॉर्कच्या घराघरांत वापरली गेली.