नव्याण्णव नावांची मोजणी

वरळीजवळच्या हाजी अली दर्ग्यात गेलात, तर संगमरवरी खांबांवरील रंगीत काचकामात अल्लाहची ९९ नावे गुंफलेली आपणांस दिसतील. ३३ मण्यांची तसबीह तीनदा फिरविली की तेवढाच जप पुरा होतो. ही संख्या हदीसमधून आली. जो ही नावे मोजील त्यास स्वर्ग मिळेल, असे तीत म्हटले आहे. प्रचलित यादी मात्र तिर्मिझींच्या हदीससंग्रहातील असून ती मागाहून निवेदकाने जोडली, असे अनेक विद्वान मानतात. कुराणात वारंवार येणारे ‘रब्ब’ म्हणजे पालनकर्ता हे नावच तीत नाही! मग मोजावे काय? गझालींच्या (मृत्यू ११११) मते ईश्वराची नावे ९९ वर संपत नाहीत. प्रत्येक नावाचा अर्थ जाणून तो गुण यथाशक्ती अंगी बाणवावा, यावर त्यांचा भर आहे. ‘रहीम’ म्हणणाऱ्याने गरजवंताची गरज भागवावी.