नाव मिळालं, आता गिऱ्हाईक सांगा

सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत अहिराणी कानावर पडायला फार फिरावं लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या खात्यांत आणि रंगाई-छपाईच्या मिलमध्ये कामाला आलेली कुटुंबं इथे पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे स्वतःची दुकानं टाकली. दुकान आलं की बोर्ड, उद्घाटनाचा फ्लेक्स आणि दिवाळीचं पोस्टर ओघानेच येतं. त्यामुळे फ्लेक्स छापणाऱ्याच्या टेबलाशी एक वाक्य वारंवार ऐकू येतं: "हे नाव घ्या, बाकी तुम्हीच मस्त करून द्या."

जाणता डिझायनर अशा वेळी कोरलड्रॉ उघडत नाही. तो आधी वही उघडतो.

समजा, नाव आहे 'सप्तशृंगी'. वणीच्या गडावर नाशिक-खानदेशातून लोक जातात, तसेच दक्षिण गुजरातमधूनही जातात. त्यामुळे हे नाव दोन्हीकडच्या माणसाला आपलं वाटतं. पण दुकानात मिळतं काय, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. साडी, औषधं, फरसाण, मोबाइल, काहीही असू शकतं. म्हणून वहीतला पहिला प्रश्न मालाचा. "साड्या" हे उत्तर मिळालं तरी तेवढ्यावर भागत नाही. रिंग रोडवरच्या कापड मार्केटमधला गाळेवालाही साड्याच विकतो, पण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावचा व्यापारी. त्याला कॅटलॉग, होलसेल भाव आणि पार्सलची सोय दिसायला हवी. लिंबायतच्या गल्लीतल्या दुकानात शेजारच्या सोसायटीतली बाई पायी येते आणि एक साडी घेऊन जाते. तिला एक साडी आणि तिची किंमत दिसली की पुरे. नाव तेच आणि माल तोच असला, तरी ही पोस्टरं दोन वेगळी आहेत.

गिऱ्हाईक कोण हे ठरल्यावरच रंगाचं बोलता येतं. "लाल-पिवळं टाका, उठून दिसतं," असं मालक सहज सांगतो, आणि ते खोटंही नसतं. पण दुकान लग्नाच्या बस्त्यावर चालत असेल, तर रंगाला आणखी एक अर्थ येतो. मराठी नवरीच्या डोळ्यांसमोर हळदीची पिवळी साडी आणि हिरवा चुडा असतो. गुजराती नवरीचं पानेतर पांढरं, लाल काठाचं असतं. पोस्टरवर पांढरी-लाल साडी मोठी छापली, तर खानदेशी आईला ते दुकान आपल्या बस्त्याचं आहे हे चटकन उमगणार नाही. दोन्ही घरची गिऱ्हाइकं येत असतील, तर मालकाला सरळ विचारावं: गेल्या लग्नसराईत जास्त काय खपलं? जे खपलं तेच मोठं घ्यावं. मालकाच्या आवडीच्या रंगापेक्षा विक्रीच्या वहीतलं हे उत्तर जास्त कामाचं असतं.

यातली दुसरी अडचण यंत्राची आहे. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, तर छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंतून रंग जुळवते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत पोपटी फ्लेक्सवर मळका उतरतो, आणि गडद निळ्यात गुलाबी शाई जास्त पडली की तो जांभळा होतो. साडीच्या दुकानाला हे महागात पडतं, कारण फ्लेक्सवर जांभळी दिसलेली साडी आत निळी निघते. उपाय साधा आहे: आधी वीतभर पट्टी छापून घ्यायची आणि ती खऱ्या साडीशेजारी, दुकानाबाहेरच्या उन्हात धरून बघायची.

फोटोचंही असंच होतं. मालक साडीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेत आक्रसतो आणि त्याची लांब बाजू साधारण 1600 ठिपक्यांची उरते. 4 बाय 6 फुटांच्या उभ्या फ्लेक्सवर तो पूर्ण उंचीभर ताणला, तर 72 इंचांत 1600 ठिपके, म्हणजे इंचाला जेमतेम 22 येतात. फ्लेक्सला इंचामागे 72 ते 100 ठिपके असले की चित्र नीट येतं. रस्त्यापलीकडून 22 सुद्धा चालून जातील, पण दुकानाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या बाईला जरीच्या जागी चौकोन दिसतील. हाच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर तो आहे तसा पोचतो.

आता मजकूर. इथे मालकाला सगळंच हवं असतं: देवीचा फोटो, स्वतःचा फोटो, 'एक वेळ अवश्य भेट द्या', दोन मोबाइल नंबर, पाच प्रकारच्या साड्या. डिझायनरने याच्याशी भांडू नये, अंतर विचारावं. पोस्टर कुठे लागणार? बोर्ड रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे की दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर सुखाने वाचता येतं. दुकान गरनाळ्याजवळ असेल आणि समोरच्या बाजूने, साठ फुटांवरून नाव वाचलं जावं असं वाटत असेल, तर अक्षर सहा इंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची; वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा वेगळी लागते. 'सप्तशृंगी'सारख्या नावाला तर वर आणि खाली दोन्हीकडे लागते. एवढं नाव बसलं की चार फुटांच्या रुंदीत आणखी किती मजकूर मावेल, हे मालकाला स्वतःलाच दिसतं. मग तो आपणहून ओळी काढायला लागतो.

ओळी काढत जाण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण बर्लिनचं आहे. 1906 च्या सुमारास प्रीस्टर नावाच्या आगकाड्यांसाठी पोस्टरची स्पर्धा झाली. त्यात तरुण लुसियन बर्नहार्डने आधी टेबल, राखदाणी, सिगार आणि नाचणाऱ्या मुली काढल्या होत्या, आणि मग एकेक करून सगळं पुसलं, असं सांगतात. शेवटी दोन आगकाड्या आणि वर एक शब्द, 'प्रीस्टर', एवढंच राहिलं. ते पोस्टर पहिलं आलं. पण सुरतेत ही गोष्ट सांगताना त्या दोन काड्या विसरून चालणार नाही. नाव एकटं नव्हतं, माल सोबत होता. नुसतं नाव पुरतं ते ज्या दुकानाला वस्ती आधीच ओळखते त्याला. नव्या दुकानाला नावाखाली निदान एक साडी आणि 'साडी' हा शब्द लागतोच.

तो शब्द कोणत्या लिपीत, हेही वहीत यायला हवं. फेब्रुवारी 2022 मध्ये गुजरात सरकारने आठ महानगरांतल्या सार्वजनिक ठिकाणच्या फलकांवर गुजराती असावी असा आदेश काढला, आणि सुरत त्या आठांत आहे. पण आदेश नसता तरी शेजारचं गुजराती गिऱ्हाईक असतंच. म्हणून इथे नाव बहुधा दोनदा येतं. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे त्याच मापाचं गुजराती अक्षर देवनागरीशेजारी हलकं दिसतं. ते थोडं जाड किंवा मोठं घेतलं की दोन्ही सारखी वजनदार वाटतात.

छापायला देण्याआधी मालकाकडून दुकानाच्या परवान्यावरचं नाव मागून घ्यावं, तोंडी ऐकून लिहू नये. 'सप्तशृंगी'चं 'सप्तश्रृंगी' अनेक बोर्डांवर झालेलं आहे. फाइल दुसऱ्या संगणकावर जाणार असेल, तर अक्षरांचं रेषाचित्र करून पाठवावं, नाहीतर तिथे तो फॉन्ट नसल्यामुळे जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. मोबाइल नंबर वाचून तपासू नये. प्रुफावर बघून स्वतःच्या फोनवरून लावावा. दुकानात रिंग वाजली की नंबर बरोबर. तारीख असलेली सवलत, म्हणजे 'दिवाळीपर्यंत' किंवा 'लाभपाचमपासून', मुख्य फ्लेक्सवर न घेता वेगळ्या पट्टीवर छापावी आणि खाली बांधावी. सण सरला की पट्टी उतरते, नावाचा फ्लेक्स तसाच राहतो आणि पुढच्या लग्नसराईला फक्त पट्टीचेच पैसे पडतात.