दोन गोळ्या, दोन दोरे आणि एक पट्टी

छोट्या बोराएवढ्या थर्माकोलच्या दोन गोळ्या घ्या आणि त्यांच्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळा. दोन्ही गोळ्यांना सारख्याच लांबीचे बारीक नायलॉनचे दोरे बांधून ते वर एकाच खिळ्याला अडकवा. गोळ्या एकमेकींना टेकून लोंबत राहतील. आता लोकरीवर घासलेला फुगा त्यांच्याजवळ न्या. आधी दोघी फुग्याकडे ओढल्या जातात. तो त्यांच्यावर हलकेच फिरवला, की काही क्षणांत फुग्यापासूनही आणि एकमेकींपासूनही लांब पळतात. फुगा बाजूला नेला तरी दोरे सरळ होत नाहीत, उलट्या ‘व्ही’सारखे फाकलेलेच राहतात.

लंडनमधल्या जॉन कँटन या शाळामास्तरांनी १७५४ मध्ये भेंडाच्या गोळ्यांनी हेच केलं होतं. दोरे फाकले म्हणजे वीज आहे, एवढंच त्यावरून कळायचं. किती आहे हे सांगायला प्रभार, अंतर आणि बल यांचं नातं माहीत हवं होतं. ते फ्रान्समध्ये कूलोम यांनी १७८५ मध्ये मांडलं: अंतर दुप्पट झालं की बल चौथाईवर येतं. त्या नियमामुळे साध्या पट्टीने प्रभार मोजता येऊ लागला.

तो असा. स्थिर लोंबणाऱ्या गोळीवर तीन बलं असतात. वजन खाली ओढतं, शेजारणीचं प्रतिकर्षण आडवं ढकलतं आणि दोऱ्याचा ताण तिरका वर खेचतो. गोळी हलत नाही, म्हणजे ताणाने एकट्याने उरलेल्या दोघांना तोलून धरलंय. त्यासाठी दोऱ्याचा तिरकेपणा नेमका त्या दोघांच्या प्रमाणातच असावा लागतो. म्हणून प्रतिकर्षणाचं वजनाशी जे प्रमाण, तेच गोळ्यांमधल्या निम्म्या अंतराचं खिळ्यापासूनच्या उभ्या उंचीशी.

माझ्या मांडणीत दोरा ३० सेंटिमीटर आणि गोळ्यांच्या मध्यांतलं अंतर ६ सेंटिमीटर. गोळीचं वजन घरच्या काट्यावर कळत नाही, म्हणून तशाच पन्नास गोळ्या सराफाच्या काट्यावर एकत्र तोलल्या. १ ग्रॅम भरल्या, म्हणजे एक गोळी २० मिलिग्रॅमची. अंतराचं निम्मं ३ सेंटिमीटर आणि उंची जवळजवळ ३०, तेव्हा प्रतिकर्षण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. दोन मिलिग्रॅमचा भार! न्यूटनमध्ये ते सुमारे ०.००००२ होतं. कूलोमच्या नियमानुसार त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे ०.०६ मीटरच्या वर्गाने, गुणायचं, ९०० कोटींनी भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं एका कूलोमच्या अब्जांशाच्या पावणेतीन पटींहून किंचित जास्त, २.८ नॅनोकूलोम. फुग्यावरून प्रत्येक गोळीवर सुमारे १,७५० कोटी जास्तीचे इलेक्ट्रॉन आले होते. दोरा उभ्या रेषेपासून कललेला, जेमतेम पावणेसहा अंश.

इथे एक गफलत हमखास होते. एका गोळीवर जास्त प्रभार असेल तर तिचा दोरा जास्त कलेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. पहिली दुसरीला जितकं ढकलते तितकंच दुसरी पहिलीला. वजनं सारखी असली की कोनही सारखेच, मग एकीवर दुसरीच्या दसपट प्रभार का असेना. कोन सांगतो तो दोन्ही प्रभारांचा गुणाकार. म्हणूनच वर्गमूळ काढण्याआधी दोघींवर प्रभार सारखा आहे याची खात्री हवी. चिमटा न लावता, नायलॉनच्या दोऱ्यांना धरून गोळ्या एकदा एकमेकींना टेकवल्या, की शिशाच्या थरातून प्रभार सारखा वाटला जातो. दोन कोन वेगळे दिसले, तर दोष वजनात शोधा: हलकी गोळी जास्त कललेली असते.

उलट गणितही करता येतं. प्रभार माहीत असेल आणि कोन लहान असेल, तर अंतराचा घन हा प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. प्रभार दुप्पट केला तरी ६ सेंटिमीटरचं अंतर १२ होत नाही, साडेनऊच होतं. गोळ्या दूर गेल्या की प्रतिकर्षण झपाट्याने घटतं आणि वजनाची मागे ओढ मात्र वाढत जाते. याच नात्यामुळे पट्टी वाचताना २ मिलिमीटर चुकलात, तर प्रभारात पाच टक्क्यांची चूक येते.

दमट हवेत हा प्रयोग टिकत नाही. गोळ्यांवर आणि दोऱ्यांवर ओलावा धरतो, त्यावरून प्रभार निसटत जातो. सुती दोरा ओल लवकर धरतो, म्हणून नायलॉन किंवा रेशीम. गळती डोळ्यांनी दिसते तशीच मोजताही येते: ६ सेंटिमीटरचं अंतर ३ वर आलं, की प्रभार निम्मा नव्हे, जवळजवळ दोन तृतीयांश गेलेला असतो. तेव्हा पंखा बंद करा, पट्टी गोळ्यांच्या मागे लावा, एक डोळा मिटून समोरून वाचा आणि दर पाच मिनिटांनी अंतर वहीत लिहून ठेवा. तोच प्रयोग एकदा जुलैत आणि एकदा डिसेंबरात करून दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहा.